नोकरी गेल्याचं लिहिताना: राग पानभर, लाज अर्ध्या ओळीत

प्रश्न: मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला. पुण्यात एका कंपनीत बारा वर्षं होतो, मार्चमधल्या कपातीत नोकरी गेली. सध्या साताऱ्यात आई-वडिलांकडे आहे. दिवाळी अंकासाठी यावर लिहायला बसतो, पण दर वेळी कंपनीविरुद्धचा तक्रारअर्ज होतो. तक्रार काढून टाकली की रडगाणं उरतं. पैशांचं किती उघड लिहावं तेही कळत नाही. आणि दुसरी नोकरी अजून लागलेली नाही, मग लेखाचा शेवट काय करू?

उत्तर:

कंपनीबद्दल लिहिलेली पानं फाडू नका, पण लेखातून उचलून वेगळ्या वहीत ठेवा. मी बऱ्याच वर्षांपासून साताऱ्यात बसून लोकांचे अनुभवलेख संपादित करतो. नोकरी गेल्याचे लेख पूर्वी कारखाना बंद पडला की यायचे, आता पुण्यातल्या आयटीवाल्यांचे येतात. पहिल्या खर्ड्याची ठेवण बहुतेकांची एकच असते. कंपनी कशी वागली ते पानोपानी, आणि घरात काय झालं ते जाता जाता. राग ऐसपैस बसलेला असतो आणि लाज कुठेतरी अर्ध्या ओळीत अंग चोरून उभी असते. लेख त्या अर्ध्या ओळीत असतो. तुमच्या खर्ड्यातही ती ओळ असणारच. ती सापडली की कटुतेचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण तिच्याबद्दल लिहिताना कंपनीची फारशी गरजच पडत नाही.

पण आधी त्या वेगळ्या वहीबद्दल. १९९४ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कपातीत नोकरी गेलेल्या अनुभवी लोकांपैकी काहींना त्यांनी सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात आहे ते सगळं लिहायला लावलं. काहींना फक्त कामाचं आणि वेळेचं नियोजन लिहायला सांगितलं, काहींना काहीच लिहायला सांगितलं नाही. पुढच्या काही महिन्यांत मनातलं लिहिणाऱ्यांपैकी जास्त जणांना नोकरी मिळाली. त्यांनी अर्ज किंवा फोन इतरांपेक्षा जास्त केले होते असं नाही. जुन्या कंपनीबद्दलचं मनातलं किल्मिष कमी झाल्याने ते मुलाखतीत वेगळे वागले असावेत, असा संशोधकांचा तर्क होता. अभ्यास छोटा होता, त्यावरून कुणाला नोकरीची खात्री देता येणार नाही. माझ्या कामाचा भाग त्यात एवढाच आहे की हे पाच दिवसांचं लिखाण छापण्यासाठी नव्हतं. तुम्हीही ते करा, शिव्या घालायच्या तर घाला, आणि वही कपाटात ठेवा. तो लेखाचा पहिला खर्डा आहे असं मात्र समजू नका. दोन्ही एकाच कागदावर करायला गेलं की तक्रारअर्ज होतो.

आता एक लेख उलगडून दाखवतो. लेखकाची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशीतले गृहस्थ, पुण्यात अकरा वर्षं एकाच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, घर साताऱ्यात जुन्या पेठेत. त्यांच्या खर्ड्याची सुरुवात अशी होती:

«कॉर्पोरेट जगात माणसाला किंमत नसते. ज्या कंपनीसाठी अकरा वर्षं रक्त आटवलं, रात्रीचा दिवस केला, तिने अवघ्या बारा मिनिटांच्या कॉलमध्ये मला कचऱ्यासारखं बाहेर फेकलं.»

यातली त्यांची स्वतःची गोष्ट एकच आहे, बारा मिनिटं. बाकी सगळं आपण आधी कुठेतरी वाचलेलं आहे. वाचक अशा वाक्यांना मान डोलावतो आणि पुढे सरकतो, त्याच्या हाताला काही लागत नाही. असंच चांगलं आठ-नऊ पानं चाललं होतं. मग शेवटाकडे, आई-वडिलांच्या तब्येतीच्या परिच्छेदात, एक वाक्य आलं: «त्यातच बाबांच्या मोतीबिंदूचंही बघायचं होतं.» आणि लगेच पुढच्या ओळीला लिंक्डइनवरच्या अर्जांची माहिती सुरू.

मी तिथे थांबलो. इतका वेळ सावकाश लिहिणारा माणूस इथेच का धावला? मी त्यांना फोन करून विचारलं, मोतीबिंदूचं बघायचं होतं म्हणजे कुणी, कधी, कुठल्या पैशांनी? फोनवर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग जे सांगितलं ते खर्ड्यात कुठेच नव्हतं.

नोकरी गेल्यावर त्यांनी ती गोष्ट फक्त बायकोला सांगितली होती. मुलीची शाळा संपेपर्यंत त्या दोघी पुण्यात राहिल्या आणि हे साताऱ्याला आले. घरी सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. सगळ्यांना पटलं, कारण २०२० मध्ये लॉकडाऊनला ते खरोखरच माडीवरच्या त्याच टेबलावर बसून काम करत होते. तेच टेबल, तीच खुर्ची, खिडकीतून दिसणारा तोच अजिंक्यतारा. कंपनीचा लॅपटॉप परत गेला होता, म्हणून मुलीचा जुना लॅपटॉप आणला. सकाळी साडेनऊला वर जायचं, एकला जेवायला खाली यायचं, साडेसहाला काम संपलं म्हणायचं. आई चहा घेऊन वर आली की कानात इअरफोन घालायचे, म्हणजे मीटिंग चालू आहे असं वाटून ती कप ठेवून निघून जायची.

वडिलांच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडिलांची नावं होती, तेव्हा ऑपरेशन कॅशलेस होईल असं आधीच ठरलं होतं. विमा वर्षभराचा असतो, चालेल, या समजुतीत हे त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. पण अशा ग्रुप पॉलिसीत कर्मचाऱ्याचं नाव सहसा शेवटच्या कामाच्या दिवशी निघतं, आणि त्याच्याबरोबर घरच्यांचंही. काउंटरवरच्या मुलीने कार्डाचा नंबर टाकला, पुन्हा टाकला, आणि म्हणाली, "सर, हे बंद दाखवतंय. तुमच्या एचआरला एकदा विचारून घेता का?" वडील शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यामुळे त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. ऐकू सगळं येत होतं.

रिक्षात दोघं काही बोलले नाहीत. पोवई नाक्याच्या अलीकडे वडील म्हणाले, "मग आत्ता एकाच डोळ्याचं करू."

लेख हा आहे, असं मी त्यांना सांगितलं. यात ओळख आहे, पैसा आहे, लाज आहे, आणि तिन्ही एका काउंटरवर एकत्र आलेत. त्यासाठी तीन वेगळे परिच्छेद पाडावे लागत नाहीत. कंपनीवर दात-ओठ खाल्लेले नाहीत, तरी कंपनीने काय काढून घेतलं ते वाचकाला नेमकं कळतं.

तुमच्या खर्ड्यात अशी ओळ शोधायची तर खूण सोपी आहे. लाजेपाशी माणूस लिहिताना घाई करतो. ‘त्यातच’, ‘दरम्यान’, ‘घरचं कसंबसं चाललं होतं’, ‘काही जणांना सांगितलं नव्हतं’ अशी वाक्यं येतात, म्हणजे ज्यात कर्ता नसतो, तारीख नसते, रक्कम नसते. त्या वाक्यांवर पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येकाला विचारा: कोण होतं, कुठे, काय बोललं गेलं. बहुतेक वाक्यं विचारल्यावर रिकामी निघतात. एखाद्यापाशी उत्तर लिहायला हात धजत नाही. तिथे थांबा.

आणि त्या जागी पोचल्यावर ‘मला लाज वाटली’ असं लिहू नका. रडगाणं होतं ते अशा वाक्यांनी, कारण वाटण्याचं नाव घेतलं की वाचकाला स्वतःहून काही वाटायला जागाच उरत नाही. लपवण्यासाठी काय काय केलं ते लिहा. इअरफोन, मुलीचा लॅपटॉप, साडेसहाला ‘संपलं’ म्हणणं. या गृहस्थांना हेच सगळ्यात जड गेलं. ते म्हणाले, हे वाचून लोक मला खोटारडा म्हणतील. म्हणतीलही कुणी. पण नोकरी गेलेला दुसरा कुणी ते वाचेल तेव्हा तो स्वतःचे इअरफोन ओळखेल, आणि माझ्या दृष्टीने हे लिखाण आहे ते त्याच्यासाठी.

पैशांकडे वळतो, कारण इथे लोक दोन टोकांना जातात. एक तर ‘आर्थिक ओढाताण झाली’ म्हणून सोडून देतात, नाहीतर सगळी सॅलरी स्लिप मांडतात. पगाराचा आकडा लिहू नये असं माझं मत आहे. संकोच हे त्याचं कारण नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर अठरा-वीस हजारांत काम करणारा माणूसही तुमचा वाचक आहे. लाखाचा आकडा दिसला की तो तुमच्या लेखातून उठून जातो, आणि त्याचं काही चुकत नाही. लाखवाल्याला मात्र तोच आकडा कमी वाटतो. आकड्याची तुलना सुरू झाली की गोष्ट बाजूला पडते. मग पैसा मांडायचा कसा? दिवसांत.

या गृहस्थांचा हिशेब आम्ही कागदावर केला. हातात आलेले पैसे तीन वाटांनी आले होते. दोन महिन्यांचा पगार कर कापून २,१०,००० रुपये, शिल्लक रजेचे ४६,००० आणि ग्रॅच्युइटीचे ३,३०,०००. एकूण ५,८६,०००. महिन्याचा खर्च: पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता ४१,३००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,२००, मुलीची शाळा ९,५००, दोन्ही घरांचा किराणा, दूध आणि भाजी १८,०००, वीज, फोन आणि पेट्रोल ९,०००, आई-वडिलांची औषधं ५,०००. बेरीज ८६,०००. भागाकार केला तर पावणेसात महिन्यांच्या किंचित वर. एका डोळ्याच्या ऑपरेशनला ३८,००० रुपये रोख लागले. ते वजा केले की उरतात ५,४८,०००, म्हणजे सहा महिने आणि अकरा दिवस.

लेखात यातलं फारच थोडं गेलं. खर्चाची सगळी यादी त्यांनी गाळली, आणि ठेवलं ते एवढंच: «घरात येणारं सगळं थांबलं तर आम्ही पावणेसात महिने तरत होतो. बाबांचा उजवा डोळा तेरा दिवसांना पडला.» अडतीस हजार भागिले शहाऐंशी हजार, गुणिले तीस, एवढंच ते गणित. पण हे वाक्य अठरा हजारवाल्यालाही कळतं आणि लाखवाल्यालाही, कारण दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. कागदावर पूर्ण हिशेब केल्याशिवाय मात्र ते वाक्य सुचलं नसतं. म्हणून तुम्हीही आधी घरी संपूर्ण हिशेब मांडा. लेखात त्यातले दोन किंवा तीन आकडे जातील, आणि कुठले ते ठरवताना एकच बघा: त्या आकड्यामुळे घरातला कुठला निर्णय बदलला का? बदलला नसेल तर आकडा वहीतच राहू द्या.

ग्रॅच्युइटीच्या आकड्याचा त्यांनी आणखी एक उपयोग केला, आणि तो मला फार आवडला. त्यांच्या हिशेबाची रीत अशी होती: शेवटचा मासिक मूळ पगार, महागाई भत्ता असेल तर तो धरून, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. त्यांचा मूळ पगार ५२,००० होता, म्हणजे वर्षामागे बरोबर ३०,००० आणि अकरा वर्षांचे ३,३०,०००. मी कोण होतो, कंपनीने माझी ओळख कशी हिरावली, यावर त्यांनी पहिल्या खर्ड्यात दीड पान लिहिलं होतं. नव्या लेखात त्याऐवजी त्यांनी त्या तीस हजारांना वर्षं जोडली. मुलगी झाली त्या वर्षाचे तीस हजार. गणपतीत रिलीज आल्यामुळे साताऱ्याला येता आलं नाही, त्या वर्षाचे तीस हजार. माडीवरून काम केलं त्या वर्षाचे. एका वर्षाचं त्यांना काहीच आठवलं नाही, तर तेही तसंच लिहिलं: «त्या वर्षी मी काय केलं ते आठवत नाही. त्याचेही तीस हजार मिळाले.» अकरा वर्षं कामात घातलेल्या माणसाचं चित्र त्या एका परिच्छेदात पुरं झालं, आणि ‘ओळख’ हा शब्द एकदाही आला नाही.

ओळखीचा दुसरा धागा आपल्याकडे वेगळ्या जागी सापडतो. साताऱ्यातल्या निम्म्या घरांतलं कुणीतरी पुण्यात असतं. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून विनाथांबा गाडीने येणारी आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाणारी मुलं सगळ्या पेठेला माहीत असतात. त्यामुळे इथे भेटल्यावरचे प्रश्न ठरलेले: "कधी आलास?" आणि "किती दिवस आहेस?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला तुम्ही काय उत्तर देत होता ते आठवून क्रमाने लिहा. पहिल्या आठवड्यात काय म्हणालात, महिन्याने काय, भाजी आणायला कुठल्या वेळेला जायला लागलात, कुठली गल्ली टाळलीत. नोकरीने आपल्याला काय दिलं होतं ते या उत्तरांमधून जितकं कळतं तितकं हुद्दा आणि पदोन्नती सांगून कळत नाही. त्या गृहस्थांनी सोमवारी सकाळी दारात दूध घ्यायला जाणं बंद केलं होतं. रविवारचं चालायचं, सोमवारचं चालत नव्हतं.

आता कटुता. राग काढून टाका असं मी कुणालाही सांगत नाही. अन्याय झाला असेल तर तो लेखात आलाच पाहिजे. कटु वाक्य आणि रागाचं वाक्य यांतला फरक मी असा तपासतो: वाक्य दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचा हेतू सांगतं का? ‘त्यांना आमची काडीचीही किंमत नव्हती’, ‘ती अगदी निर्विकार होती’, ‘त्यांना तरुण आणि स्वस्त माणसं हवी होती’. हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही ते ठरवलंय. घडलं ते लिहा. या गृहस्थांच्या नव्या लेखात तो कॉल असा आला:

«कॉल बारा मिनिटांचा होता. एचआरची मुलगी समोरच्या कागदावरून वाचत होती. माझं आडनाव तिने दोनदा चुकीचं घेतलं आणि दोन्ही वेळा सॉरी म्हणाली. आज राजीनाम्याचा मेल केला तर दोन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचं पत्र मिळेल, नाहीतर कंपनी काढल्याचं पत्र देईल, असं तिने सांगितलं. मी मेलमध्ये लिहिलं, वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे. मेल पाठवला तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पाच वाजता माझं लॉगिन बंद झालं.»

यात विशेषण जवळजवळ नाही, आणि तरी वाचताना मला राग आला. तो वाचकाला यावा, हीच तर अपेक्षा. ‘वैयक्तिक कारण’ हे शब्द फक्त जसेच्या तसे समोर ठेवलेत. याची उलट बाजूही सांगतो. ‘कदाचित त्यांचाही नाइलाज असेल’, ‘त्या मुलीलाही वाईट वाटलं असेल’ अशी समजूतदार वाक्यं लोक कटुता टाळण्यासाठी घालतात. तेही दुसऱ्याच्या मनात शिरणंच आहे. क्षमा वाटत नसेल तर लेखात ती आणू नका. ती मुलगी सॉरी म्हणाली, हे पुरे आहे.

बायकोबद्दल थोडं. असा एकही खर्डा माझ्याकडे येत नाही ज्यात ‘पत्नी खंबीरपणे पाठीशी उभी राहिली’ हे वाक्य नसतं. त्यात ती बाई दिसतच नाही. मी विचारतो, सांगितल्यावर तिचं पहिलं वाक्य काय होतं? या गृहस्थांच्या पत्नीने विचारलं होतं, "हप्ता किती तारखेला कापला जातो?" आणि यांना ती तारीख सांगता आली नाही. इतकी वर्षं तो आपोआप कापला जात होता, बघण्याची वेळच आली नव्हती. तिच्या धीराबद्दल आणखी काही लिहायची गरज उरली नाही.

शेवटाचं तुम्ही विचारलंत. नोकरी लागेपर्यंत लेख थांबवून ठेवू नका. लागली तरी शेवटी ती आणू नका, कारण मग आधीचं सगळं त्या बातमीपर्यंत पोचायची वाट होऊन बसतं. ‘ही नोकरी जाणं म्हणजे एक संधीच ठरली’ हे तर मी कुणाच्याही लेखातून काढतोच. लपवणं जिथे संपलं तिथे लेख संपवता येतो, कारण तुमच्या लेखाचा विषय तो आहे. या गृहस्थांच्या लेखात ऑपरेशननंतरच्या आठवड्यात शेजारच्या काकू दारात विचारतात, "किती दिवस आहेस रे?" आणि हे पहिल्यांदा म्हणतात, "नोकरी गेलीये काकू. आहे आता इथेच." काकू म्हणतात, "बरं मग आत ये, माझं लाइटबिल तेवढं मोबाइलवरून भरून दे." ते बिल भरतात, ७४० रुपये, आणि लेख संपतो. दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरलेली नसते, नोकरी लागलेली नसते. त्यांनी याच्यापुढे आणखी दोन परिच्छेद लिहिले होते, ते आम्ही काढले.

छापायला देण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा, फक्त ‘तुझ्याबद्दल लिहिलंय’ असं सांगून भागत नाही. या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट काढायला लावली, त्यांच्या पेन्शनचा आकडा. रिक्षातलं वाक्य राहू दे म्हणाले. आकडा काढला, लेखाचं काही बिघडलं नाही. घरच्यांनी एखादा प्रसंगच काढायला सांगितला आणि तो कणा असेल, तर त्या वर्षी लेख देऊ नये असं मी मानतो.

दुसरं म्हणजे कंपनी सोडताना सही केलेला कागद शोधा. फुल अँड फायनल सेटलमेंटच्या कागदांत बरेचदा गोपनीयतेची आणि कंपनीची बदनामी न करण्याची अट असते. कंपनीचं, साहेबांचं आणि ग्राहक कंपनीचं नाव घेऊ नका. हिंजवडी, इमारत आणि प्रोजेक्ट मिळून ओळख पटत असेल तर त्यातलं एखादं बदला. तुमच्याकडूनही राजीनामा लिहून घेतला असेल आणि त्याला आव्हान देण्याचा विचार असेल, तर लेख थांबवा आणि आधी कामगार कायद्याच्या वकिलांना भेटा. कायद्याने कामगार ठरणाऱ्या माणसाची छाटणी करताना महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कागदावर राजीनामा असला की ती छाटणी धरली जात नाही. तुमचा हुद्दा त्यात बसतो का आणि दबावाखाली राजीनामा दिल्याचं दाखवता येतं का, हे वकील बघतील. छापून आलेला लेख समोरची बाजू वापरू शकते, हेही त्यांना विचारा. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. ती अजून आली नसेल तर त्याचा अर्ज या आठवड्यात करा.

दिवाळी अंकांचा मजकूर साधारण श्रावणापर्यंत गोळा होतो. त्याआधी पाच दिवसांची ती वही पुरी करा, मग खर्डा काढून पेन्सिल घेऊन बसा, आणि ज्या ओळीपाशी हात थांबेल ती मला कळवा. पूर्ण लेख पाठवायची घाई नाही.